‘तेलात चांदी’ इंग्रजीत कशी लिहायची?
तिसऱ्या मिलच्या गिअरबॉक्सच्या नोंदी परदेशी कंपनीस पाठविताना आलेला अनुभव

सभासद बंधू-भगिनींस स्मरत असेलच, की २०२३-२४ च्या गळीत हंगामात, १७ जानेवारी २०२४ च्या रात्री पावणेतीनच्या सुमारास, आपली तिसरी मिल बंद करावी लागली होती. त्या रात्री यार्डात गाड्या उभ्या होत्या, आणि पुढे अकरा दिवस तिसरी मिल वगळून, उरलेल्या मिलवर कमी वेगाने गाळप चालले. ज्यांच्या तोडी पुढे ढकलल्या गेल्या, त्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, “अहो, एका गिअरबॉक्सपायी एवढा खोळंबा?” गिअरबॉक्स का गेला, याची हकीगत वार्षिक सभेत सांगितली गेली. परंतु तो का गेला हे परदेशातील कंपनीला समजावून सांगताना जे घडले, ते सभेत सांगण्याजोगे नव्हते म्हणून राहून गेले. ते येथे देत आहोत.

सदर गिअरबॉक्स २०२३ च्या ऑफ-सीझनमध्ये बसविला होता. बनावट परदेशी, वॉरंटीची मुदत शिल्लक होती. नादुरुस्तीची तार, म्हणजे आजच्या भाषेत ई-मेल, गेल्यावर दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीच्या आणि उघडल्यानंतरच्या पाहणीच्या सर्व नोंदी, जशा लिहिल्या असतील तशा, इंग्रजी भाषांतरासह पाठवाव्यात. सोबत फोटो आणि तेलाचा नमुना पाठवावा. त्यावरून पिनियन कोणाच्या खर्चाने द्यायचा, ते ठरेल.

आता नोंदी कोठे होत्या? मिल विभागाच्या पाळीच्या वहीत. लिहिणारे आपले फिटर, ऑइलमन आणि फोरमन. भाषा मराठी, तीही मिलवरची. हे पत्रक काढणारे आम्ही दोघे-तिघे. चार ओळी इंग्रजी लिहिता येते एवढ्याच भांडवलावर ते काम आमच्या गळ्यात आले.

पहिला मसुदा आणि त्याची फजिती

पहिला मसुदा आम्ही एका बैठकीत उरकला. वहीतील सहा दिवसांच्या नोंदींचे इंग्रजीत साधारण पाऊण पान झाले. ‘गिअरबॉक्समध्ये असाधारण आवाज येत होता, तेल खराब झाले होते, तापमान फार वाढले होते, नंतर जादा भाराने दात तुटला’, अशी चार सुबक वाक्ये. वाचायला छान. चीफ इंजिनिअर साहेबांनी ते वाचले, वही समोर ओढली आणि विचारले, “हे ‘जादा भाराने’ कुठं लिहिलंय वहीत?”

कोठेच लिहिले नव्हते. वहीत होते, “दात तुटला.” ‘जादा भाराने’ हे आमच्या मनातले. इंग्रजी वाक्य अपुरे वाटले म्हणून आम्ही शेपूट जोडले होते. साहेब म्हणाले, “हे असंच गेलं असतं, तर आपण आपल्याच सहीनं लिहून दिलं असतं, की आम्ही मिल जादा ओढली. मग कंपनीनं पिनियन कशाला द्यावा?”

तेथून आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कागदाचे दोन भाग केले. डावीकडे वहीतील मराठी ओळ, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. उजवीकडे तिचे इंग्रजी. प्रत्येक ओळीस क्रमांक दिला. जे वाचता येत नाही, तेथे ‘वाचता येत नाही’ असेच लिहिले. आणि आमची शंका किंवा खुलासा असेल तो त्या ओळीत न मिसळता खाली वेगळा. पाऊण पानाची सहा पाने झाली आणि त्यास चार दिवस लागले. त्यातले साडेतीन दिवस आम्ही टेबलाशी नव्हतो; मिलवर, लिहिणारांना शोधत हिंडत होतो.

चांदी, पिवळं आणि लोहचुंबक

१३ जानेवारीची ऑइलमनची नोंद अशी: “तेलात चांदी दिसते. थोडं पिवळं पण.”

मिलवर काम केलेल्या माणसाला यात काही कोडे नाही. तेल बोटावर घेऊन उन्हात धरले की धातूचा बारीक चुरा चमकतो, त्याला आपल्याकडे ‘चांदी’ म्हणतात. पण इंग्रजीत नुसते ‘सिल्व्हर’ लिहिले, तर वाचणारा ते अक्षरशः घेईल. आणि ते हसण्यावारी नेण्यासारखेही नाही, कारण काही यंत्रांच्या बेअरिंगवर खरोखरच चांदीचा मुलामा असतो. प्रयोगशाळेतला माणूस चांदी शोधत बसला असता.

मग ‘चांदी’चे ‘धातूचे कण’ करून मोकळे व्हावे काय? तेही पुरेसे नाही. कारण खरी बातमी दुसऱ्या वाक्यात होती, “थोडं पिवळं पण.” आम्ही ऑइलमनदादांना गाठले. ते म्हणाले, “पांढरं होतं ते चुंबकाला डकलं. पिवळं न्हाई डकलं. म्हणून तर ल्हिवलं येगळं.”

दात, शाफ्ट, बेअरिंगचे रोलर हे पोलादाचे. त्यांचा चुरा लोहचुंबकास चिकटतो. परंतु मोठ्या रोलर बेअरिंगमध्ये रोलर एकमेकांपासून अंतरावर ठेवणारी जी जाळी असते, जिला इंग्रजीत ‘केज’ म्हणतात, ती पुष्कळदा पितळेची असते, आणि पितळ चुंबकास चिकटत नाही. म्हणजे दात तुटण्याच्या चार दिवस आधी एखादे बेअरिंग आतून झिजू लागले होते, हे त्या दोन शब्दांत होते. आमच्या पहिल्या मसुद्यात त्याचे ‘तेल खराब झाले’ असे झाले होते!

शेवटी इंग्रजीत लिहिले ते असे: ‘तेलात चकाकणारे, चांदीच्या रंगाचे बारीक कण, थोडे पिवळ्या रंगाचे कणही.’ आणि खुलाशात वेगळे: ‘लिहिणाराने नंतर तोंडी सांगितले, की चांदीच्या रंगाचे कण चुंबकास चिकटले, पिवळे चिकटले नाहीत.’ ‘बेअरिंगची जाळी झिजली’ असे आम्ही लिहिले नाही. वहीत ते नव्हते, आणि ते ठरविणे कंपनीच्या इंजिनिअरचे काम.

दात ‘खाल्ले’ म्हणजे नेमके काय?

गिअरबॉक्स उघडल्यावर मुख्य फिटरने लिहिले: “मधल्या शाफ्टच्या पिनियनचे दात खाल्लेत. एक तुटला, कोपरा गेला.”

‘दात खाल्ले’ हा आपल्याकडचा सर्वसंग्राहक शब्द. नांगराचा फाळ जसा हळूहळू झिजतो तशी झीज झाली तरी दात खाल्ले. दातावर बारीक खड्डे पडले तरी दात खाल्ले. तेलाचा थर तुटून लोखंडावर लोखंड घासून ओरखडे उठले तरी दात खाल्ले. इंग्रजीत मात्र या तिन्हींना वेगळी नावे आहेत: झिजेस ‘वेअर’, खड्ड्यांस ‘पिटिंग’, ओरखड्यांस ‘स्कफिंग’. ही नावे कोणी कशीही वापरू नयेत म्हणून आय.एस.ओ. १०८२५ हे एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे. त्यात दातांच्या प्रत्येक दुखण्याचे नाव आणि वर्णन ठरवून दिलेले आहे. डॉक्टरला नुसते ‘पोट दुखतंय’ म्हटले तर तो जसा ‘कुठं, कसं, कधीपासून’ विचारतो, तसेच हे. प्रत्येक दुखण्याचे कारण निराळे असते. खड्डे पडतात ते पृष्ठभागावर वारंवार येणाऱ्या दाबाने. ओरखडे उठतात ते तेलाचा थर टिकत नाही तेव्हा. तेव्हा चुकीचे नाव लिहिणे म्हणजे चुकीच्या औषधाची चिठ्ठी.

फिटरांना विचारले, “अण्णा, खाल्ले म्हणजे कसे?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “देवीचे वण कसे असतेत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर? तसं. पण सगळीकडं न्हाई. एका टोकाला.”

याहून चांगले वर्णन आम्हांस कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. ‘पिटिंग’ हा शब्द आम्ही वापरला, पण एकटा नाही. त्यापुढे ‘देवीच्या वणांसारखे लहान खड्डे, दाताच्या फक्त एका टोकास’ हे वर्णनही दिले, म्हणजे नाव चुकले असेल तर वर्णनावरून समजावे.

तुटलेल्या जागेबद्दलही तसेच. त्याच नोंदीत पुढे होते: “तुटल्या जागी शिंपल्यावानी रेघा. कडेला गुळगुळीत, आत खरबरीत.” पहिल्या मसुद्यात ही ओळ आम्ही गाळलीच होती, वाटले, ही आपली फिटरची काव्यशक्ती. पण चीफ इंजिनिअर साहेब ती ओळ वाचून खुर्चीत सरळ बसले. कारण असे, की एखादा दात एकाच मोठ्या धक्क्याने तुटला, म्हणजे मिलमध्ये लोखंडाचा तुकडा आला वगैरे, तर तुटलेली जागा बहुधा सगळीकडे सारखीच खरबरीत असते. उलट आधी बारीक तडा पडून तो दिवसेंदिवस पुढे सरकला असेल, तर त्या सरकण्याच्या खुणा शिंपल्यावरील रेघांसारख्या एकामागे एक उमटतात. तो भाग गुळगुळीत होतो, आणि उरलेला भाग भार न सोसून शेवटी एकदम तुटतो, तो खरबरीत राहतो. इंग्रजी बोलणारे इंजिनिअरही त्या रेघांना शिंपल्याचेच नाव देतात. ‘क्लॅमशेल मार्क्स’ असा त्यांचा शब्द आहे. आपल्या फिटरने तो शब्द कधी ऐकला नव्हता. त्याने डोळ्यांनी जे पाहिले ते लिहिले, आणि दोघांच्या डोळ्यांना एकच वस्तू आठवली.

म्हणजे आमचे ते ‘जादा भाराने तुटला’ नुसते जास्तीचे नव्हते, तर साफ उलटे होते.

एकोणपन्नास ठोके

१६ जानेवारीच्या रात्रपाळीची नोंद: “टक टक आवाज. घड्याळ लावून १५ सेकंदांत ४९.” आमच्या पहिल्या मसुद्यात याचे ‘असाधारण आवाज’ झाले होते. गणित मांडून पाहिले, तेव्हा आमची आम्हांस लाज वाटली.

पंधरा सेकंदांत ४९, म्हणजे मिनिटास १९६. त्या वेळी पॅनेलवर मोटरचे फेरे मिनिटास ९८५ असल्याची नोंद शेजारच्या रकान्यात होतीच. गिअरबॉक्सच्या पहिल्या जोडीचे प्रमाण पाचास एक. म्हणजे मधला शाफ्ट मिनिटास १९७ फेरे घेतो. १९६ आणि १९७! म्हणजे ठोका मधल्या शाफ्टच्या दर फेऱ्यास एकदा पडत होता. दोष मोटरकडील शाफ्टवर असता, तर ठोके मोजताच आले नसते, इतके जलद पडले असते. शेवटच्या शाफ्टवर असता, तर फार सावकाश पडले असते. गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीच दोषी शाफ्ट कोणता, हे त्या रात्री मनगटावरच्या घड्याळाने सांगून टाकले होते. हा आकडा आम्ही इंग्रजीत जसाच्या तसा दिला, भागाकार-गुणाकार न करता. ‘मिनिटास १९६’ लिहिले असते, तर वाचणारास वाटले असते की यंत्राने मोजले. माणसाने कानाने पंधरा सेकंद मोजले, ही गोष्टही पुराव्याचाच भाग आहे.

हाच न्याय १५ तारखेच्या नोंदीस: “बॉडीवर हात ठेववत नाही.” याचे आम्ही पूर्वी ‘तापमान फार वाढले’ केले होते. एकाने सुचविले की हात ठेववत नाही म्हणजे साठ अंश धरा, तसे लिहा. लोखंडाचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास गेला की हात फार वेळ टिकत नाही, हा ठोकताळा बरोबर आहे. पण तो ठोकताळा आहे. थर्मामीटर लावलेला नव्हता. आम्ही लिहिले: ‘केसिंगवर हात ठेवता येत नव्हता. मोजमाप घेतलेले नाही.’

अठरा म्हणजे किती अठरा?

यापुढची गोष्ट सर्वांत धोक्याची, आणि ती दिसत होती सर्वांत साधी. बेअरिंग तपासल्यावरची नोंद: “मोटरकडचं बेअरिंग, फटीत १८. बसवताना ६.”

आकडा स्वच्छ, पण परिमाण नाही. बेअरिंगचे रोलर आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये जी फट असते, ती पातळ पत्र्यांच्या फीलर गेजने मोजतात. आता १८ म्हणजे मिलिमीटरचे शंभराव्या भागाचे अठरा, की इंचाचे हजाराव्या भागाचे, ज्याला आपले फिटर ‘थाऊ’ म्हणतात, ते अठरा? पहिले धरले तर ०.१८ मिलिमीटर, म्हणजे त्या मापाच्या बेअरिंगमध्ये जवळजवळ नव्यासारखी फट. बेअरिंगला काही झालेलेच नाही. दुसरे धरले तर ०.४६ मिलिमीटर, म्हणजे त्या मापाच्या बेअरिंगला फारच जास्त फट. बेअरिंग कामातून गेलेले. एकाच आकड्याचे दोन अर्थ, आणि दोन अर्थांचे दोन निकाल! परदेशातील माणूस मिलिमीटरच धरणार.

आम्ही स्टोअरमध्ये जाऊन ते गेज हातात घेतले. पत्र्यांवर आकडे इंचाचे. मुख्य फिटर हसून म्हणाले, “मिलीमीटरचं गेज हाय की, पन ते वर्कशॉपात. मिलवर हे जुनंच चालतंय.” तेव्हा इंग्रजीत ‘१८ थाऊ, म्हणजे ०.४६ मिलिमीटर, मोजणाऱ्याने वापरलेले गेज इंचाचे’ असे गेले, आणि गेजचा फोटोही सोबत.

तुटलेल्या कोपऱ्याची लांबी ‘९ सूत’ लिहिलेली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे आपल्या गवंड्या-सुतारांपासून सर्वांस ठाऊक. तेथे मात्र हा शब्द कोणास माहीत असणार? ९ सूत म्हणजे २८.६ मिलिमीटर. आमच्यातील एकाने घाईत ‘९ मिलिमीटर’ टंकलिखित केले होते. फोटोत तुकड्याशेजारी पट्टी ठेवलेली होती म्हणून ते लक्षात आले.

डावे टोक कोणाचे डावे?

दात एका टोकास खाल्लेले आणि तेथेच कोपरा तुटलेला, हे ठरले. पण कोणत्या टोकास? मुख्य फिटरच्या नोंदीत “डावं टोक”. फोरमनच्या नोंदीत “उजवं टोक”. दोघेही खरे बोलत होते. एक मोटरच्या अंगाकडील कठड्यावर उभा होता, दुसरा समोरच्या.

हा वाद किरकोळ नाही, हे पुढील दाखल्यावरून समजेल. बैलगाडीच्या जुवाची एका बाजूची जोत सैल झाली, की ओझे त्या बैलावरून सरकून दुसऱ्याच्या मानेवर जाते. तसेच शाफ्टचे. मोटरकडचे बेअरिंग सैल झाले, तर शाफ्टचे ते टोक समोरच्या चाकापासून किंचित मागे सरते, आणि दाताचा सारा भार उलट टोकास, म्हणजे मिलच्या बाजूस येतो. तेव्हा दात मिलच्या टोकास तुटला असेल, तर सैल बेअरिंग हे कारण जुळते. मोटरच्याच टोकास तुटला असेल, तर जुळत नाही. मग दोष जुळणीत किंवा घडणीत शोधावा लागेल.

दोघांनाही गिअरबॉक्सपाशी नेले आणि खडूने शाफ्टवर खूण करावयास सांगितले. दोघांचा खडू एकाच टोकास लागला, मिलकडच्या. इंग्रजीत मूळ शब्द ‘डावे’ आणि ‘उजवे’ तसेच ठेवले, आणि दोन्हींच्या खुलाशात ‘मिलकडील टोक, दोघांनी प्रत्यक्ष दाखविले’ असे लिहिले.

‘परवा तेल बदलणे’

आता दोन ओळी अशा, की ज्यांच्यापायी कार्यालयात बरीच गरमागरमी झाली.

१३ तारखेची शेवटची ओळ: “परवा तेल बदल_ले_”. की “बदल_णे_”? अक्षर असे, की ‘ण’ आणि ‘ल’ यांत फरक करता येईना. त्यात ‘परवा’ हा आपल्या भाषेतला गमतीचा शब्द. मागचा परवाही परवाच आणि पुढचा परवाही परवाच! म्हणजे ही ओळ ‘११ तारखेस तेल बदलले’ अशीही वाचता येते आणि ‘१५ तारखेस तेल बदलावे’ अशीही. पहिले वाचन आपल्या सोयीचे. नवे तेल टाकूनही दोन दिवसांत त्यात चुरा आला, म्हणजे माल सदोष, असे म्हणता आले असते.

लिहिणारे ऑइलमनदादा रजेवर गावी गेले होते. त्यांची वाट न पाहता आम्ही स्टोअरच्या इश्यू स्लिपा काढल्या. तेलाचे पिंप मिल विभागास १७ तारखेच्या दुपारी दिलेले. त्यापूर्वी त्या महिन्यात एकही नाही. म्हणजे ‘बदलणे’च. १५ तारखेस बदलायचे ठरले होते, पण त्यासाठी मिल चार तास थांबवावी लागली असती. यार्ड भरलेले होते, म्हणून ते पुढे ढकलले गेले. इंग्रजीत गेले: ‘परवा, म्हणजे १५ जानेवारीस, तेल बदलावयाचे.’ खुलाशात: ‘अक्षर अस्पष्ट. स्टोअरच्या नोंदीवरून हा अर्थ निश्चित केला. १५ तारखेस तेल बदलण्यात आले नाही.’

दुसरी ओळ ११ तारखेची: “तेल ताकासारखं. परवा मिल धुतली तेव्हा होजचं पाणी गिअरबॉक्सवर.” (हा परवा निर्विवादपणे मागचा!) तेल ताकासारखे पांढुरके झाले, म्हणजे त्यात पाणी मिसळले. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा ये-जा करण्यासाठी जे ब्रीदर असते, त्यातून ते शिरले असावे. पाणी मिसळलेल्या तेलाचा थर रोलरखाली टिकत नाही आणि बेअरिंग झिजू लागते, हे सर्वज्ञात आहे.

कार्यालयातील एका जाणत्या गृहस्थांनी आम्हांस स्पष्टच सांगितले, “ही ओळ कशाला घालता? वहीत शंभर ओळी असतात. सभासदांचं नुकसान तुम्ही आपल्या हातानं करणार का?” प्रश्न सभासदांच्या पैशाचा होता, त्यामुळे त्यांचा राग आम्हांस समजत होता. ओळ गाळावी असे आमच्यातील एकास वाटलेही.

चीफ इंजिनिअर साहेबांचे म्हणणे असे पडले: तेलाची एक लिटरची बाटली आपण पाठविलेली आहे. तिच्यात पाणी किती, हे प्रयोगशाळेत तासाभरात निघेल. तेव्हा तेलात पाणी आणि नोंदीत अवाक्षर नाही, असे दिसले की बाकीच्या ओळींवर, त्या ४९ ठोक्यांवर आणि शिंपल्यावरही, कोणी विश्वास ठेवणार नाही. “आपली बाजू मांडायची ती वेगळ्या पत्रात मांडू. भाषांतर म्हणजे आपलं वकीलपत्र नव्हे.” शेवटी तसेच झाले. ओळ जशीच्या तशी गेली, आणि तिच्यासोबत स्वतंत्र पत्र गेले. त्या पत्रात कारखान्याने विचारले, की मिल हाऊस पाण्याने धुतले जाते हे ऑर्डर देतानाच लेखी कळविले होते. असे असता तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बसविलेले ब्रीदर उघड्या तोंडाचे का?

कंपनीचे उत्तर

नऊ दिवसांनी उत्तर आले. त्यांनी ठरविलेला क्रम असा: ब्रीदरमधून पाणी शिरले, मोटरकडच्या बेअरिंगची जाळी आणि रोलर झिजले, शाफ्टचे ते टोक सैल झाले, भार मिलकडील टोकावर आला, तेथे प्रथम खड्डे पडले, मग तडा गेला, आणि तडा सरकत सरकत कोपरा तुटला. जादा भाराचा उल्लेख नव्हता. पिनियनसह मधला शाफ्ट कंपनीने आपल्या खर्चाने विमानाने पाठविला, कारण ब्रीदर त्या जागेस योग्य नव्हते हे त्यांनी मान्य केले. बेअरिंग, तेल आणि बसविण्याची मजुरी आपल्याकडे राहिली, कारण तेल पांढुरके दिसूनही ते सहा दिवस बदलले नाही, हे आपल्याच वहीत होते. पुरे मिळाले नाही, हे खरे. परंतु ‘जादा भाराने दात तुटला’ हा पहिला मसुदा गेला असता तर काय मिळाले असते, याचा अंदाज सभासदांनीच करावा.

त्यांच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. ठोके मोजणाऱ्या आणि शिंपल्याच्या रेघा टिपणाऱ्या माणसांस आमचा नमस्कार कळवावा, अशा अर्थाची. ती आम्ही मराठीत करून मिलवर वाचून दाखविली. ऑइलमनदादा म्हणाले, “मग माझ्या चांदीचं काय?”

असो. २०२४-२५ च्या हंगामापासून मिल विभागाच्या वहीत चार रकाने वाढविले आहेत: कोणी पाहिले, कोठे उभे राहून पाहिले, कशाने मोजले, आणि तारीख. ‘परवा’ लिहिण्यास मनाई केली आहे, तारीखच लिहावयाची. ‘डावे-उजवे’ऐवजी ‘मोटरकडे’ आणि ‘मिलकडे’. ब्रीदरवर झाकणाचे नवे नळकांडे बसले आहे, आणि धुताना त्यावर गोणपाट टाकण्याची ताकीद आहे. ‘चांदी’ आणि ‘शिंपला’ यांस मात्र मनाई नाही. ते शब्द तसेच लिहावेत, फक्त शेजारी चुंबकाचा निकालही लिहावा, असे सांगितले आहे.